उंदीर की चिचुंद्री? कवटीतल्या दातांवरून आहार कसा ओळखायचा?

रानपाखरू

मंडळी, घुबड जेवल्यावर हाडं, केस वगैरे न पचणाऱ्या गोष्टींची गोळी करून तोंडावाटे टाकतं, हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. एका झाडाखाली अशा काही गोळ्या सापडल्या. हातमोजे घालून गोळा केल्या, कोमट पाण्यात भिजत घातल्या आणि चिमट्याने सोडवल्या. आतून तीन कवट्या निघाल्या. तिन्ही उंदरांच्याच असाव्यात असं धरून चालले होते, पण दात बघितल्यावर गोंधळ उडाला.

कवटी क्र. 1: चार सेंटीमीटरच्या आसपास. पुढे वर दोन आणि खाली दोन लांब वाकडे दात, नारिंगी रंगाचे. त्यांच्यामागे बरीच मोकळी जागा आणि मग एकदम आत दाढा, प्रत्येक बाजूला तीन.

कवटी क्र. 2: हिच्यापेक्षा लहान, निमुळती. दात पांढरेशुभ्र, सगळे टोकदार. मोकळी जागा नाहीच, पुढून मागेपर्यंत दातच दात. वरचा सगळ्यात पुढचा दात आकड्यासारखा खाली वळलेला.

कवटी क्र. 3: पहिलीसारखीच, नारिंगी दातांची, पण दाढा वरून अगदी सपाट. पहिलीच्या दाढांवर लहान लहान उंचवटे आहेत, हिच्यावर ते जवळजवळ नाहीत.

माझा प्रश्न असा की नुसत्या दातांवरून यातला कोण काय खात होता हे सांगता येतं का? शाळेत शिकलो ते एवढंच: टोकदार दात म्हणजे मांसाहारी, सपाट दाढा म्हणजे शाकाहारी, दोन्ही असतील तर मिश्राहारी. त्या हिशोबाने क्र. 1 मिश्राहारी, क्र. 2 मांसाहारी, क्र. 3 गवत खाणारा. इतकं सोपं असतं का?

बोका

तिघांचाही शेवटचा आहार घुबडाला माहीत. वाचतोय.

आबा_बागवान

क्र. 1 आणि 3 उंदीरच. नारिंगी पटाशीचे दात दुसऱ्या कुणाचे असणार? उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सारखं काहीतरी कुरतडावं लागतं. लाकूड, वायर, साबण, जे मिळेल ते. कुरतडलं नाही तर दात वाढून थेट मेंदूत घुसतो आणि उंदीर मरतो. म्हणजे तो कुरतडतो ते खायला नव्हे, दात झिजवायला. बागेतल्या पाण्याच्या नळ्यांवर त्यांचे दात रोज बघतो, त्यामुळे खात्रीने सांगतोय.

क्र. 2 म्हणजे उंदराचं पिल्लू असेल. दुधाचे दात पांढरे आणि टोकदार असतात.

अस्थिपंजर

रानपाखरू, गोळ्या फार छान सोडवल्या आहेत. मी कवट्यांच्या संग्रहात काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

क्र. 2 उंदीर नाही, उंदराचं पिल्लूही नाही. ती चिचुंद्री आहे. उंदरांना दुधाचे दात येतच नाहीत, एकच संच येतो. चिचुंद्री दिसायला उंदरासारखी असली तरी नात्याने फार लांबची, कीटक खाणाऱ्या प्राण्यांच्या गटातली. खात्री करायची असेल तर कवटी बाजूने बघा. क्र. 1 ला डोळ्याच्या खोबणीखालून मागे जाणारी हाडाची बारीक कमान दिसेल, मोडली असली तरी तिची टोकं दिसतील. क्र. 2 ला ती नसेलच. चिचुंद्रीला गालाची ती कमान नसते.

आता दात. तिचा आकड्यासारखा वरचा दात आणि खालचा पुढे आडवा आलेला लांब दात मिळून चिमटा होतो. किडा पकडायचा, धरून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. मागच्या दाढा भिंगातून बघा, वरून बघितलं की उंच धारदार कडांची नागमोडी रेघ दिसेल. किड्याचं कवच पातळ पण कडक असतं. ते दळून उपयोग नसतो, त्याला भोकं पाडून, फोडून बारीक करावं लागतं. दाढांवरच्या त्या उंच कडा नेमकं तेच करतात.

तुमच्या शाळेतल्या नियमात मोठी अडचण ही की त्यात पुढचे दात आणि मागचे दात एकाच पारड्यात टाकलेत. पुढच्या दातांवरून प्राणी अन्न कसं मिळवतो ते कळतं: पकडतो, खुडतो की कुरतडतो. मिळवलेलं अन्न काय होतं ते मागच्या दाढा सांगतात, कारण ते बारीक करायचं काम त्यांचं. आहार ओळखायचा असेल तर आधी दाढा बघायच्या.

आबांच्या कुरतडण्याबद्दल नंतर लिहितो, त्यात निम्मं बरोबर आहे.

कुतूहल

मग उंदराचे पुढचे दात आहाराबद्दल काहीच सांगत नाहीत का? इतका वेगळा अवयव, आणि त्यावरून काहीच कळत नाही हे पटत नाही.

विवेकवादी

धाग्याचा मूळ मुद्दा बाजूला राहतोय. माणसाला सुळे आहेत. सुळे मांस फाडण्यासाठी असतात. म्हणजे माणूस निसर्गतः मांसाहारी आहे, यावर अजून वाद का घालतात लोक?

मृण्मयी_ल

@विवेकवादी, धाग्यात माणूस कुठे आला? तीन कवट्या आहेत आणि तिन्ही घुबडाच्या पोटातून आल्यात.

पण विचारलंच आहे तर गोरिलाचे सुळे बघा. माणसाच्या सुळ्यांपेक्षा कितीतरी मोठे, आणि तो खातो पाला, कोंब, फळं. कस्तुरीमृगाच्या नराचे वरचे सुळे ओठाबाहेर लोंबतात आणि तो पाला-शेवाळ खातो. ते दात आपापसातल्या मारामारीसाठी असतात. सुळ्यांवरून आहार ठरवायला गेलात तर कस्तुरीमृग शिकारी ठरेल.

विवेकवादी

मग गाईला सुळे का नाहीत? अपवाद दाखवून नियम मोडत नाही.

अस्थिपंजर

गाईला खाली सुळे असतात, फक्त ते पटाशीच्या दातांच्या रांगेत बसून त्यांच्यासारखेच दिसतात. म्हणून गाईच्या खालच्या जबड्यात पुढे आठ दात मोजले जातात, त्यातले कडेचे दोन मूळचे सुळे. वर पुढे दातच नसतात, टणक गादीसारखा भाग असतो. जीभ घालून गवताची जुडी आत ओढायची, खालचे दात त्या गादीवर दाबायचे आणि मान झटकून तोडायची.

मांसाहारासाठी सुळ्यांपेक्षा खात्रीचा पुरावा त्यांच्या मागे असतो. मांजराच्या वरच्या जबड्यातली शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ या पात्यासारख्या चपट्या असतात आणि तोंड मिटताना एकमेकींना चाटून जातात. मांजर मान कलती करून गालाच्या बाजूने चावतं ते म्हणूनच. खाली त्या पात्याच्या मागे काही नसतं, वर एक नावापुरती दाढ. कुत्र्यालाही अशीच पाती असतात, पण त्यांच्या मागे आणखी दाढा असतात, वर दोन आणि खाली दोन, बऱ्यापैकी रुंद. तिथे तो हाड फोडतो आणि मांसाखेरीज मिळेल ते चघळतो. दोघांनाही लांब सुळे आहेत, पण कुत्रा मांजरापेक्षा जास्त प्रकारचं अन्न खाऊ शकतो हे त्या मागच्या दाढांवरून कळतं.

माणसाच्या दाढा बुटक्या, गोलसर उंचवट्यांच्या आहेत, डुकराच्या किंवा अस्वलाच्या वळणाच्या. अशा दाढांवर बऱ्याच गोष्टी चालतात. त्यातून माणूस अन्न कापतो, कुटतो, शिजवतो, म्हणजे दातांचं बरंचसं काम हातांनी आणि आगीने करतो. त्यामुळे माणसाच्या बाबतीत दातांकडून फार उत्तरं मागू नयेत. माणसावर माझ्याकडून एवढंच.

@कुतूहल, आता पटाशी.

उंदीर, घुशी, खारी, साळिंदर, बीव्हर या सगळ्यांचे पुढचे दात एकाच घडणीचे. दाताच्या फक्त पुढच्या बाजूला इनॅमलचा थर असतो, मागे सगळं डेंटिन. इनॅमल फार कडक, डेंटिन त्यामानाने मऊ. वापरात मागची बाजू लवकर झिजते आणि पुढची इनॅमलची कड उंच राहते. सुताराच्या पटाशीला एकाच बाजूने उतार असतो तसंच. फरक इतका की सुताराला पटाशीला धार लावावी लागते आणि उंदराच्या दाताला ती झिजण्यातूनच येत राहते. मात्र झिजत राहायचं तर मागून भर हवी, म्हणून दात आयुष्यभर वाढतो. घरात दिसणाऱ्या मोठ्या उंदराच्या जातीत वरचा दात आठवड्याला साधारण 2 मिमी आणि खालचा जवळपास 3 मिमी वाढतो. वर्षाचा हिशोब केला तर वरचा 10 सेंटीमीटरच्या वर, खालचा 15 च्या आसपास.

रानपाखरू, एक करून बघा. क्र. 1 चा खालचा जबडा हातात घेतल्यावर त्याचे दोन भाग सुटे झाले असतील. उंदराच्या जबड्याची हनुवटीची जोड सैल असते, जिवंतपणीही दोन्ही बाजू किंचित हलू शकतात. एका बाजूचा पटाशीचा दात चिमट्याने पुढच्या दिशेला, त्याच्या वाकानुसार हळू ओढा. भिजलेल्या हाडातून तो बहुधा सुटून येईल. किती लांब आहे ते इथे सांगा.

निशिगंधा

माझ्या गिनीपिगबद्दल विचारू का? विषय थोडा जवळचा वाटतोय. ती आता फक्त मऊ गोष्टी खाते, खायला जाते आणि तोंडातून टाकून देते. हनुवटी ओली असते. पुढचे दात लांब झाले आहेत म्हणून एका ठिकाणी नेलं, तिथे नखं कापायच्या कात्रीने दात तोडून दिले. आठवडाभर जरा बरं वाटलं आणि परत तेच. आबा म्हणतात तसं कुरतडायला लाकडाचा ठोकळा ठेवला आहे, ती ढुंकूनही बघत नाही. तिचे दात नारिंगी नाहीत, पांढरे आहेत. म्हणजे लोह कमी आहे का?

आबा_बागवान

ठोकळा बदलून बघा. फळझाडाची फांदी द्या, सालीसकट. लाकडाशिवाय दात झिजणार नाहीत.

डॉ_खुरपे

निशिगंधाताई, मी पशुवैद्य आहे. फांदीचा प्रयोग नंतर, आधी ही लक्षणं गंभीर समजा. ओली हनुवटी, तोंडातून घास पडणं, मऊच खाणं याचा अर्थ बहुतेक वेळा पुढचे दात नव्हे, मागच्या दाढा वाढल्या आहेत.

गिनीपिग आणि उंदीर यात मोठा फरक आहे. उंदराचे फक्त पुढचे चार दात वाढत राहतात, दाढा एकदा आल्या की आल्या. गिनीपिगचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढतात. तिच्या खालच्या दाढा मुळातच जिभेकडे कललेल्या असतात. झीज कमी पडली की दोन्ही बाजूंच्या खालच्या दाढा आत वाढत जिभेवर येतात आणि कधीकधी जिभेवर पूलच तयार होतो. जीभ अडकली की घास मागे ढकलता येत नाही. तिला भूक असते, खायची इच्छाही असते, म्हणून ती वाटीशी जाते आणि घास टाकून देते. चावणं बदललं की पुढचे दात एकमेकांवर नीट घासले जात नाहीत आणि तेही लांब होतात. मालकाला दिसतात ते पुढचे, म्हणून तेच कापले जातात. मूळ दुखणं तसंच राहतं.

कात्रीने दात तोडू देऊ नका. दात उभा चिरतो आणि चीर हिरडीच्या आत गेली तर तिथून पू होतो. हे काम फिरत्या बारीक यंत्राने घासून करतात. दाढांसाठी प्राण्याला भूल द्यावी लागते, कारण तोंड इतकं अरुंद असतं की जागेपणी मागचं धड दिसतही नाही. लहान प्राण्यांचं तोंड तपासायची साधनं आहेत का, हे फोनवरच विचारून मग जा. मुळं जबड्यात किती खोल वाढली आहेत ते बघायला कवटीचा एक्स-रे लागतो. आणि दोन दिवस थांबू नका. या प्राण्यांचं पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात आणि ते दातांच्या दुखण्याच्या आधी जीव घेतं.

पांढऱ्या दातांची काळजी नको, गिनीपिगचे पांढरेच असतात.

लाकडाबद्दल: दाढा लाकडाने झिजत नाहीत. त्या झिजतात लांब धाग्याचं वाळलं गवत बराच वेळ दळल्याने. तिच्या आहारात ते किती आहे आणि दाणे-गोळ्या किती?

निशिगंधा

दाणेच जास्त. गवत ठेवते पण ती खात नाही म्हणून कमी केलं होतं. आजच फोन करते. मनापासून आभार, डॉक्टर.

अस्थिपंजर

डॉक्टरांनी महत्त्वाचं लिहिलं आहे आणि ते आबांच्या मुद्द्यालाही लागू पडतं. उंदराचे पटाशीचे दात मुख्यतः झिजतात ते एकमेकांवर. उंदीर निवांत बसला असताना दात घासल्याचा बारीक करकर आवाज येतो. खालचा दात वरच्याच्या मागच्या बाजूवर घासून तो धार राखतो. लाकूड कुरतडून झीज होते हे खरं, पण लाकूड मिळालं नाही म्हणून धडधाकट उंदराचे दात वाढून तो मरत नाही. त्याचे चारही दात समोरासमोर असले की पुरतं.

घात होतो तो एखादा दात मोडला किंवा जबडा वाकडा असला तर. समोर घासायला कुणी नसलेला दात वाढतच जातो, नेहमीपेक्षाही वेगाने. वरचा दात जास्त वाकलेला असल्याने तो गोल फिरून टाळूत किंवा गालात रुततो. खालच्याचा वाक कमी, तो नाकापुढून वर येतो. संग्रहात अशा कवट्या आहेत. मेंदूत जाणं फार पुढची गोष्ट, बहुतेक प्राणी त्याआधीच उपाशी मरतात, कारण तोंडच मिटत नाही.

आबा_बागवान

ठीक, एकमेकांवर झिजत असतील. पण मग माझ्या नळ्या कशाला कुरतडतात? नळी काही अन्न नाही.

मृण्मयी_ल

आबा, नळीत पाणी असतं ना? आणि वाटेत आलेली वस्तू फोडून पलीकडे जायची, बिळाला वाट करायची, हेही त्याच दातांचं काम आहे. त्यांना हातोडी-छिन्नी तोंडातच दिलेली आहे.

बोका

आणि कुरतडलेला चुरा पोटात जात नाही का? माझ्या वायरी खाऊन एकही उंदीर मेलेला पाहिला नाही.

अस्थिपंजर

चांगला प्रश्न. पटाशी आणि दाढा यांच्यामधली ती मोकळी जागा आठवा. कुरतडताना उंदीर गालाची कातडी त्या फटीत आत ओढून घेतो आणि तोंडाचा मागचा भाग बंद करतो. चुरा बाहेरच पडतो. शिवाय त्याचा खालचा जबडा पुढे-मागे सरकतो. पुढे सरकवला की पटाशी भिडते आणि दाढा सुटतात, मागे घेतला की दाढा भिडतात आणि पटाशी सुटते. म्हणजे तो एका वेळी एकतर कुरतडतो नाहीतर चावतो. जबड्याचा सांधाही तसाच, पुढून मागे पन्हाळीसारखा. मांजराचा आडवा असतो, दाराच्या बिजागरीसारखा फक्त उघडतो-मिटतो.

कुतूहल

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर: पटाशी बघून प्राणी कुरतडतो एवढंच कळतं, कुरतडून काय खातो ते नाही?

अस्थिपंजर

बरोबर. आणि याचा सगळ्यात सुंदर पुरावा म्हणजे मांस खाणारे उंदीर. उत्तर अमेरिकेत नाकतोडे आणि विंचू मारून खाणारा एक उंदीर आहे. पटाशी इतरांसारखीच, पण दाढांवरचे उंचवटे जास्त उंच आणि टोकेरी. ऑस्ट्रेलियात राकाली नावाचा पाणउंदीर मासे, खेकडे, बेडूक खातो. त्याला एका बाजूला तीनऐवजी दोनच दाढा, तोंडातले एकूण दात फक्त बारा. आणि इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका उंदराचं वर्णन 2012 मध्ये प्रसिद्ध झालं, त्याला दाढा अजिबात नाहीत. तो गांडुळं खातो. गांडूळ दळायला दाढा कशाला? त्याचे वरचे पुढचे दातही कुरतडण्यासारखे राहिलेले नाहीत, टोकाला दोन शिखरं आहेत, तुकडा तोडण्यापुरती.

उलट बाजूनेही बघा. मादागास्करचा आय-आय हा माकडांच्या, आपल्या गटातला प्राणी. त्याला सतत वाढणारे पटाशीचे दात आहेत, त्यामुळे सुरुवातीच्या अभ्यासकांनी त्याला खारींत जमा केलं होतं. तो लाकूड कुरतडतो, पण खातो आतल्या अळ्या.

विवेकवादी

आय-आयची माहिती नवीन. पण मग नारिंगी रंग? रंगावरून तरी गट ठरतो का?

अस्थिपंजर

तो रंग लोहाचा. इनॅमलच्या बाहेरच्या थरात लोह साठतं आणि त्याने तो थर आम्लाला जास्त टिकतो, हे बीव्हरच्या दातांवर तपासलेलं आहे. पण रंगावर विसंबू नका. गिनीपिगचे पांढरे असतात हे वर आलंच. चिचुंद्रींमध्येही एक मोठा गट असा आहे की त्यांच्या दातांची टोकं लालसर असतात, तीही लोहानेच. रानपाखरूंची पांढऱ्या दातांची निघाली म्हणून फरक पटकन दिसला. लाल टोकांची असती तर पहिल्या नजरेत फसायला झालं असतं.

रानपाखरू

सगळ्यांचे आभार! दात ओढून काढला आणि थक्क झाले. बाहेर दिसत होता तो भाग एक सेंटीमीटरही नसेल. बाहेर आला तो पूर्ण दात अडीच सेंटीमीटरच्या थोडा वर भरला. जबड्याच्या हाडातून, सगळ्या दाढांच्या खालून, पार मागे सांध्याच्या जवळपर्यंत गेला होता. मागचं टोक बंद नाही, पोकळ आहे, कडा इतक्या पातळ की नखाने चुरा झाला. पुढची बाजू नारिंगी आणि गुळगुळीत, मागची पांढरट आणि हाताला वेगळीच. टोकाचा उतार भिंगातून अगदी स्वच्छ दिसला.

क्र. 2 ला गालाची कमान नाही. दोन्ही बाजूंनी बघितलं. चिचुंद्रीच.

पण क्र. 3 राहिला. याच्या दाढा सपाट आहेत, म्हणजे हा गवत दळणारा का?

अस्थिपंजर

पोकळ टोक दिसलं ते छान झालं. नवा दात तिथेच तयार होतो. तिथल्या पेशी प्राणी जिवंत असेपर्यंत इनॅमल आणि डेंटिन बनवत राहतात, म्हणून ते टोक कधी बंद होत नाही.

क्र. 3 मध्ये फसगत होण्यासारखं आहे. दाढ सपाट असण्याची दोन कारणं असू शकतात. एक, ती घडणीनेच सपाट आहे: गवत खाणाऱ्यांच्या दाढा उंच असतात, माथ्यावर इनॅमलच्या घड्या असतात, आणि मधलं डेंटिन आधी झिजल्याने त्या कडा किसणीसारख्या खरखरीत राहतात. दोन, ती झिजून सपाट झाली आहे, म्हणजे प्राणी म्हातारा. उंदराच्या दाढा पुन्हा वाढत नसल्याने त्या वयाबरोबर झिजतात.

ओळखायचं असं. एक दाढ काढून बाजूने बघा. झिजलेल्या उंदराची असेल तर हिरडीवरचा भाग बुटका आणि खाली सुटी सुटी मुळं दिसतील. पुढच्या वरच्या दाढेला तर बरीच असतात. गवत खाणाऱ्या, सतत वाढणाऱ्या दाढेला मुळंच नसतात, ती वरून खालपर्यंत एकसारखी लांब आणि तळाला उघडी असते, तुम्ही काढलेल्या पटाशीच्या दातासारखीच.

डॉ_खुरपे

यात एक भर घालतो. उंच दाढा गवतामुळे म्हणतात, कारण गवताच्या पानात सिलिकाचे कण असतात. पण जमिनीलगत चरणाऱ्या प्राण्यांच्या तोंडात मातीही जाते. जास्त झीज कशाने होते?

अस्थिपंजर

यावर अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते गवतातलं सिलिका इनॅमलला नीट ओरखडाही काढू शकत नाही, खरं काम धूळ-मातीतली वाळू करते. काही जण दोन्ही धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली गवत खाणाऱ्यांच्या दाढांवर समांतर ओरखडे जास्त दिसतात आणि कडक बिया किंवा हाडं फोडणाऱ्यांच्या दाढांवर खड्डे, इथवर फारसा वाद नाही. पण ते ओरखडे प्राण्याच्या शेवटच्या काही दिवसांतल्या किंवा आठवड्यांतल्या खाण्याचे असतात. दाताचा आकार पूर्वजांकडून आलेला. दोन्ही वेगवेगळं सांगत असतील तर गोंधळून जाऊ नये. पांडाचं घराणं मांसाहारी प्राण्यांचं, दाढा मात्र बांबू चिरडायला रुंद झालेल्या.

निशिगंधा

अवांतर, पण सांगते. भूल देऊन तपासलं. दोन्ही बाजूंच्या खालच्या दाढा जिभेवर आल्या होत्या, डॉक्टरांनी लिहिलं होतं तस्संच. घासून घेतल्या. सध्या पिचकारीने पातळ भरवते आहे, काल रात्री गवताची एक काडी स्वतःहून ओढली. काही आठवड्यांनी परत तपासणी आहे.

डॉ_खुरपे

उत्तम. रोज वजन करून लिहून ठेवा. दात दिसायच्या आधी दुखणं वजनात कळतं. हे परत होऊ शकतं, तेव्हा तपासणी चुकवू नका.

रानपाखरू

क्र. 3 ची वरची पहिली दाढ काढली. मुळं आहेत, सुटी सुटी, मी पाच मोजली. वरचा भाग अगदी बुटका. म्हणजे म्हातारा उंदीरच.

पण एक गंमत आहे. सपाट दाढा फक्त डाव्या बाजूच्या आहेत. उजवीकडच्या दाढांवर उंचवटे अजून थोडे शिल्लक आहेत. एकाच तोंडात असं कसं?

आबा_बागवान

एका बाजूने चावत असेल. दात दुखत असला की माणूसही तेच करतो.

अस्थिपंजर

आबांचा अंदाज शक्य आहे. दुखऱ्या दाढेच्या मुळाशी हाडाला खळगा पडलेला किंवा हाड सच्छिद्र झालेलं दिसतं, ते उजव्या बाजूला शोधा. दुसरी शक्यता, पटाशी किंवा जबडा किंचित वाकडा असेल, मग वरच्या दोन पटाशींच्या टोकांचा उतार सारखा नसेल. त्या टोकांचा समोरून आणि दाढांचा वरून, दोन्ही बाजू एकाच चौकटीत येतील असा फोटो टाका. खालचा जबडा मिळाला असेल तर तोही.

रानपाखरू

खालच्या जबड्याचा डावाच भाग आहे, उजवा कुठल्या गोळीत गेला कोण जाणे. उरलेल्या दोन गोळ्या आज भिजत घालते. फोटो उद्या उजेडात काढून टाकते.